शेजारणीला थोपवणारी पेशी: नॉचचा हिशेब वहीत, संगणकावर आणि चिलटाच्या पाठीवर

पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटाच्या पाठीवर, अगदी मागच्या टोकाला, एक लहानसा तिकोनी तुकडा असतो. त्याला स्क्युटेलम म्हणतात आणि त्यावर चार जाड, लांब केस असतात. तासगावच्या द्राक्षांवरचं चिलट असो की साताऱ्याच्या घरातलं, केस चारच. गंमत अशी की यातला एकेक केस ज्या जागी उगवतो, तिथे कोषावस्थेच्या थोडं आधी पेशींचा अख्खा घोळका उमेदवार असतो. प्रत्येकीत केस होण्याची तयारी असते, तरी शेवटी एकच केस होते आणि बाकीच्या साधी कातडी होतात. कुठून वरून हुकूम येत नाही. पेशी आपसांतच निकाल लावतात.

सांगलीत बी.एस्सी.च्या वर्गांना हा भाग शिकवताना मला एक गोष्ट दरवर्षी दिसते. पुस्तकातली बाणांची आकृती पोरं हुबेहूब काढतात, पण "दोन्ही पेशी सुरुवातीला सारख्याच असतील तर फरक पडतो कुठून?" असं विचारलं की वर्ग गप्प. त्याचं उत्तर आकृतीत नाही, आकड्यांत आहे. म्हणून हा लेख वही, कॅल्क्युलेटर आणि जमलं तर एक स्टिरिओ मायक्रोस्कोप घेऊन वाचा.

आधी कात्री कुठे कुठे चालते ते बघू

नॉच हे पेशीच्या पडद्यात आरपार बसलेलं लांबलचक प्रथिन आहे. बाहेरचा भाग शेजारणीकडे तोंड करून, आतला भाग पेशीत. त्याला जागं करणारं डेल्टा हेही पडद्यातच बसलेलं असतं, पण शेजारच्या पेशीच्या. त्यामुळे हा निरोप लांब जात नाही. ज्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, त्यांच्यापुरताच तो असतो.

डेल्टा नॉचला नुसतं चिकटून काही होत नाही. नॉचच्या पडद्यालगतच्या भागात कापायची जागा घड्यांमध्ये दडवलेली असते. डेल्टावाली पेशी स्वतःचं डेल्टा आत गिळायला लागते, आणि डेल्टाला नॉच धरून असल्यामुळे नॉच ओढला जातो. या ओढीने घड्या उलगडतात, दडलेली जागा उघडी पडते आणि तिथे पहिला घाव बसतो. हे काम करणारी कात्री माणसात एडीएएम-१० आणि फळमाशीत, म्हणजे आपल्या चिलटात, कुझबेनियन. बाहेरचा तुकडा शेजारीण गिळून टाकते. उरलेल्या बुंध्याला मग गॅमा-सिक्रिटेज पडद्याच्या आतच दुसरा घाव घालतं आणि नॉचचा आतला तुकडा सुटा होतो.

हा सुटा तुकडा सरळ केंद्रकात जातो. दारावरची घंटा आणि आत निरोप घेऊन धावणारा गडी एकच असावा, तसा हा प्रकार आहे. मध्ये दुसरा कोणी निरोप्या नाही. केंद्रकात तो सप्रेसर ऑफ हेअरलेस नावाच्या प्रथिनाला आणि मास्टरमाइंडला जोडला जातो आणि एनहान्सर ऑफ स्प्लिट गटातली जनुकं चालू करतो. त्यांची प्रथिनं अकीट आणि स्क्यूट या दोन जनुकांना दाबतात. पेशीला केस व्हायची पात्रता देणारी जनुकं हीच, आणि पेशीतलं डेल्टा वाढवतात तीही हीच. ती दबली की केस व्हायची तयारी मावळते आणि डेल्टाही घटतं.

इथे हमखास उलटं समजलं जातं. "सर, जिच्यात नॉच चालू झाला तीच केस होणार ना?" असं कोणीतरी विचारतंच. नाही. जिच्यात नॉच चालू झाला ती थोपवली गेली. केस होते ती डेल्टा जास्त असलेली, म्हणजे जिला कोणी थोपवू शकलं नाही ती.

एक नॉच रेणू एकदाच वापरला जातो. एक रेणू, एक तुकडा, संपलं. इतर अनेक संकेतमार्गांत एका रेणूमुळे पुढे हजारो रेणू तयार होतात, तशी वाढ इथे वाटेत कुठेच नाही. म्हणून या मार्गात रेणूंच्या संख्येला फार किंमत आहे. जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनच्या प्रयोगशाळेत १९१० च्या दशकात ज्या माशांवरून या जनुकाला नाव मिळालं, त्या माद्यांमध्ये दोनपैकी एकच प्रत बिघडलेली होती. तेवढ्यानेही पंखाच्या कडेला खाचा, इंग्रजीत नॉच, पडत होत्या.

आता वही काढा: दोन पेशींचा हिशेब

१९९६ मध्ये कोलियर, मंक, मैनी आणि लुईस या चौघांनी या साखळीचं एक सुटसुटीत गणिती रूप मांडलं. त्यात दोनच नियम आहेत. माझ्यातला नॉच शेजारणीच्या डेल्टावर ठरतो आणि जितकं तिचं डेल्टा जास्त तितका माझा नॉच जास्त. माझं डेल्टा माझ्याच नॉचवर ठरतं आणि जितका नॉच जास्त तितकं डेल्टा कमी. डेल्टा आणि नॉच दोन्ही शून्य ते एक या मापात धरलेत.

```
N(माझा)  = D²/(0.01 + D²)      इथे D शेजारणीचं
D(माझं)  = 1/(1 + 100·N²)      इथे N माझा
```

आधी तोल कुठे आहे ते काढू. दोन्ही पेशी अगदी सारख्या असतील तर डेल्टा ०.०७४ आणि नॉच ०.३५४ या आकड्यांवर दोघीही थांबतात. कॅल्क्युलेटरवर पडताळून बघा. ०.०७४ चा वर्ग ०.००५४७६, त्याला ०.०१५४७६ ने भागलं की ०.३५४ येतात, आणि त्यावरून डेल्टा काढलं की पुन्हा ०.०७४. म्हणजे पूर्ण बरोबरीचा मुक्काम आहे. पण तो टिकाऊ आहे का?

अ पेशीला डेल्टा किंचित जास्त देऊ, ०.०७६. ब ला ०.०७२. फरक फक्त ०.००४. आता पहिली फेरी: ब च्या डेल्टावरून अ चा नॉच ०.३४१ येतो, आणि अ च्या डेल्टावरून ब चा नॉच ०.३६६. त्यावरून नवं डेल्टा: अ चं ०.०७९, ब चं ०.०६९. फरक वाढला. हेच पुढे चालू ठेवा.

```
फेरी    अ चं डेल्टा    ब चं डेल्टा
०        ०.०७६        ०.०७२
१        ०.०७९        ०.०६९
२        ०.०८६        ०.०६३
३        ०.१०८        ०.०५२
४        ०.१८२        ०.०३३
५        ०.५०६        ०.०१७
६        ०.९३१        ०.०११
७        ०.९८७        ०.०१०
```

पहिल्या तीन फेऱ्यांत फारसं काही घडतंय असं वाटत नाही. तरी फरक दर फेरीला जवळजवळ २.४ पट होतो: ०.००४, मग सुमारे ०.०१०, मग ०.०२३. चौथ्या-पाचव्या फेरीत अचानक उडी येते आणि सातव्या फेरीपर्यंत निकाल लागलेला असतो. जिवंत पेशींत कोणत्याही दोन शेजारणींचे रेणू मोजून अगदी सारखे कधीच नसतात, त्यामुळे सुरुवातीचा फरक कुठून तरी मुद्दाम आणावा लागत नाही. तो असतोच. साखळी तो फक्त फुगवते.

आता यातला खरा कळीचा मुद्दा. दोन्ही सूत्रांतले वर्ग काढून टाका, म्हणजे घात १ करा, बाकी आकडे तेच ठेवा. बरोबरीचा मुक्काम आता डेल्टा ०.०१६ ला येतो आणि तिथे थोडा फरक दिला तर तो दर फेरीला साधारण ०.३८ पट होतो. म्हणजे विरतो. दोन्ही पेशी पुन्हा बरोबरीला येतात आणि निकाल लागतच नाही. दोन पेशींच्या या मांडणीत घात १ असताना ०.०१ आणि १०० च्या जागी दुसरा कुठलाही आकडा घाला, फरक फुगणार नाही. नुसतं "एकमेकींना थोपवतात" एवढं पुरेसं नाही. थोपवण्याची धार पुरेशी तीव्र हवी, इतकी की एका पूर्ण फेरीत फरक एकपटीपेक्षा जास्त व्हावा. माझ्या मते परीक्षेत हा एक प्रश्न विचारला तरी बाकीची आकृती विचारायची गरज नाही.

पेशी ही धार कुठून आणतात? काही भाग जनुकांवर प्रथिनं जोडीजोडीने बसण्यातून येतो. दुसरा भाग या सूत्रांत नाहीच: एकाच पेशीतलं डेल्टा त्याच पेशीतल्या नॉचला अडकवून ठेवतं. त्यामुळे डेल्टा जास्त असलेली पेशी निरोप देते, पण तिचा स्वतःचा नॉच जखडलेला असल्यामुळे तिला निरोप ऐकू येत नाही, आणि घात कमी असला तरी निकाल लागू शकतो.

वहीतल्या हिशेबात एक सापळा आहे, तो सांगायलाच हवा. सुरुवातीला अ ला ०.११ आणि ब ला ०.१० देऊन बघा. पहिल्या फेरीत दोघींचं डेल्टा ०.०३८ आणि ०.०३२ वर कोसळतं, दुसऱ्या फेरीत ०.५३ आणि ०.३८ वर उसळतं, तिसऱ्यात पुन्हा दोघी ०.०११ च्या आसपास. दोघी एकत्र वर, एकत्र खाली. हे पेशीचं वागणं नाही, फेऱ्यांच्या हिशेबाचा दोष आहे. आपण दर फेरीला जुना आकडा पुसून नवा लिहितो, पण पेशीत प्रथिनं हळूहळू बनतात आणि हळूहळू मोडतात. उपाय सोपा आहे: नवा आकडा पूर्ण न घेता जुन्यापासून त्याच्या दिशेने फक्त दहावा हिस्सा सरकायचं, आणि नॉचलाही तोच नियम लावायचा. मग एकत्र हेलकावे विरतात आणि अ-ब मधला फरक तेवढा वाढत राहतो. दोघी जोडीने नाचताना दिसल्या की समजायचं, पाऊल फार मोठं पडलंय.

दोनच पेशींचा खरा खटला

हा हिशेब कागदावरचाच आहे असं वाटत असेल तर सी. एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या जंताकडे बघा. त्याच्या वाढत्या जननग्रंथीत दोन पेशी शेजारी येतात. त्यातली एक अँकर पेशी होते, दुसरी गर्भाशयाच्या अस्तराचा भाग होते. कोण काय होईल हे जंतागणिक बदलतं, जवळपास नाणं उडवल्यासारखं. लेझरने एक पेशी मारली तर उरलेली नेहमी अँकर होते. थोपवणारं कोणी राहिलं नाही, म्हणून. जंतातलं नॉच, म्हणजे लिन-१२ हे जनुक, बंद पाडलं की दोन्ही अँकर होतात. ते कायमचं चालू ठेवलं की दोन्ही अस्तराच्या होतात. आपल्या वहीत याची नक्कल करता येते: दोघींचा नॉच शून्य धरा, दोघींचं डेल्टा १ येतं. दोघींचा नॉच १ धरा, दोघींचं ०.०१ च्या खाली.

फळमाशीत हाईत्सलर आणि सिम्पसन यांनी १९९१ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने पडताळली. नॉचच्या प्रती कमी असलेल्या पेशी आणि जास्त असलेल्या पेशी शेजारीशेजारी ठेवल्या. सीमेवर केस झाले ते कमी प्रती असलेल्या पेशींचे. दोन्ही बाजूंच्या पेशी एरवी निरोगीच होत्या. ठरवलं ते शेजारणीच्या तुलनेत कोणाकडे किती आहे, यानेच.

अख्खा पत्रा भरायचा तर संगणक

दोन पेशींनंतर षटकोनी जाळी. प्रत्येक पेशीला सहा शेजारणी आणि त्यांच्या डेल्टाची सरासरी तिला जाणवते. पायथन आणि नमपाय असलेल्या कोणत्याही संगणकावर हे चालेल.

```python
import numpy as np
n = 12
D = 0.073 + 0.002*np.random.rand(n, n)
N = 0.354*np.ones((n, n))
S = [(1,0),(-1,0),(0,1),(0,-1),(1,-1),(-1,1)]
for t in range(3000):
    M = sum(np.roll(D, s, axis=(0,1)) for s in S)/6
    N += 0.1*(M**2/(0.01 + M**2) - N)
    D += 0.1*(1/(1 + 100*N**2) - D)
print((D > 0.5).astype(int))
```

छापून येणाऱ्या चौकटीत १ म्हणजे केस, ० म्हणजे कातडी. दर वेळी नक्षी थोडी वेगळी येईल, पण दोन १ शेजारी येणार नाहीत. नीट बघा हं, पडद्यावरची चौकट तिरकी आहे. वर-खाली, डावी-उजवी आणि एकाच दिशेचा कर्ण (वर-उजवीकडे, खाली-डावीकडे) एवढेच शेजारी. दुसऱ्या कर्णावर दोन १ दिसले तर ते शेजारी नाहीत. "सर, प्रोग्रॅम चुकला" म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हेच झालेलं असतं.

आता १०० च्या जागी १ घाला. थोपवण्याची ताकद पार कमी झाली. नक्षी येत नाही, सगळेच १ छापले जातात. मग १०० परत ठेवा, M आणि N चे सगळे घात १ करा आणि बघा: सगळे ०. पहिल्यात कोणी कोणाला थोपवू शकत नाही. दुसऱ्यात सगळ्याच एकमेकींना थोडंथोडं दाबून बसतात आणि कोणीच सुटत नाही.

चिलटाच्या पाठीवर

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम असतो, तेव्हा चिलटांना तोटा नाही. काचेच्या बाटलीत फुटलेली द्राक्षं किंवा पिकलेलं केळ घाला, वर कागदाचं नरसाळं करून बसवा आणि नरसाळ्याचं टोक बारीक ठेवा. आत गेलेली बाहेर येत नाहीत. बाटली बर्फात ठेवली की ती सुस्तावतात, आणि नुसते केस मोजायचे असतील तर फ्रीझरमध्ये ठेवून मारलेलीही चालतात.

वीस ते चाळीसपट मोठं दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप पुरतो. आधी पाठीवर लांब रुपेरी-पांढरे पट्टे आहेत का ते बघा. असतील तर ती झॅप्रिओनस नावाची दुसरी माशी. फळांवर ती खूप येते, तिला बाजूला ठेवा. बाकीच्यांवर प्रकाश तिरका टाका, म्हणजे केसांच्या सावल्या पडतात आणि मोजणं सोपं जातं.

स्क्युटेलमवरचे चार मोठे केस मोजा. तीनच दिसले तर घाई करू नका. केस तुटतो, पण त्याच्या बुडाशी असलेली गोल खोबण तशीच राहते. खोबण आहे आणि केस नाही तर तो पकडताना मोडला. खोबणच नाही तर तिथे केस झालाच नाही. म्हणून केस नाही, खोबणी मोजायच्या. मग नजर पाठीच्या मधल्या भागावर न्या. तिथे बारीक केसांच्या बऱ्यापैकी समान अंतरावरच्या रांगा दिसतील. दोन केसांच्या मध्ये चार-पाच कातडीच्या पेशींची जागा असते. संगणकातल्या नक्षीत एवढं अंतर येत नाही, कारण तिथे पेशी फक्त लगतच्या पेशीला शिवते. माशीच्या पेशी बारीक, लांब बोटांसारखे फाटे बाहेर काढून त्यांच्यावरूनही डेल्टा दाखवतात, आणि थोपवण्याचा पल्ला वाढतो.

नॉच बिघडलेल्या माशीत काय दिसतं यावर एक चकवा आहे. नॉच कमी म्हणजे केस जास्त, हे आता पाठ झालं असेल. तापमान वाढवल्यावर नॉच निकामी होणाऱ्या माशा असतात. कोषावस्थेच्या सुरुवातीला त्यांचं तापमान वाढवलं तर खरंच केसांचे झुबके येतात. थोडं उशिरा वाढवलं तर त्याच माशीची पाठ टकली होते! याचं कारण असं की निवडलेली पेशी पुढे विभागते. एका लेकीपासून केस आणि खोबण बनतात, दुसरीपासून चेतापेशी आणि तिचं आवरण. या विभागणीतही नॉचच ठरवतो, फक्त इथे निकाल नशिबावर सोडलेला नसतो. नम्ब नावाचं प्रथिन एकाच लेकीच्या वाट्याला जातं आणि तिच्यातला नॉच बंद ठेवतं. नॉच सगळीकडेच निकामी झाला की दोन्ही लेकी चेतापेशींकडे वळतात. बाहेर ना केस, ना खोबण, आणि कातडीखाली चेतापेशींची गर्दी. तेव्हा बाहेरून टकली जागा दिसली तर नॉच जास्त झाला की कमी, हे फक्त केस बघून सांगता येत नाही. खालच्या चेतापेशी रंगवून बघाव्या लागतात. एका जागी दोन खोबणी आणि केस नाही असं दिसलं तर मात्र नॉचचा जोर जास्त झाला आहे, असा अंदाज धरायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे पेशी वाढवायची सोय आहे त्यांच्यासाठी

नॉच कापला गेला की नाही हे वेस्टर्न ब्लॉटवर बघता येतं. गॅमा-सिक्रिटेजच्या घावानंतर तुकड्याचं जे टोक उघडं पडतं, फक्त त्यालाच ओळखणारी अँटिबॉडी मिळते. नॉच-१ साठी ती व्हॅलीन १७४४ या नावाने ओळखली जाते आणि पट्टी साधारण ११० किलोडाल्टनच्या आसपास येते.

यात सर्वात मोठी फसगत पेशी ताटलीतून सोडवताना होते. नॉचच्या घड्या कॅल्शियमच्या आधाराने टिकतात. ट्रिप्सिन-ईडीटीएने पेशी सोडवल्या की ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं, घड्या सुटतात आणि शेजारीण नसतानाही घाव बसतो. मग ब्लॉटवर दिसणारी पट्टी डेल्टामुळे आली की आपल्याच हाताने, हे कळत नाही. म्हणून पेशी ताटलीतच थेट लायसिस बफरमध्ये खरवडून घ्या. ईडीटीए मुद्दाम वापरायचंच तर एका वेगळ्या विहिरीत, काही मिनिटं, "पट्टी यायलाच हवी" अशी तुलना म्हणून. आणखी एका विहिरीत डीएपीटी हे गॅमा-सिक्रिटेज रोखणारं औषध १० मायक्रोमोलर घाला, आणि त्याच्या शेजारच्या विहिरीत तेवढंच नुसतं डीएमएसओ, कारण डीएपीटी त्यातच विरघळवलेलं असतं. रात्रभर डीएपीटी देऊनही पट्टी तशीच राहिली, तर आधी औषधाची बाटली बघा. तीही ठीक असेल तर ती पट्टी नॉचची नाही, अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे.